यील्डच्या हिशेबाने साडेतीनपट सुरक्षित असलेला शाफ्ट तुटला: एस-एन आलेखातील आडवी रेषा नेमकी किती ताणावर धरावी?

शंतनू_मकरपुरा

नमस्कार मंडळी. मकरपुरा जीआयडीसीत आमचे लहान मशीन शॉप आहे आणि पट्ट्यावर चालणाऱ्या ब्लोअरचे शाफ्ट आम्ही नेहमी करून देतो. एकाच बारमधून कापलेले दोन सारखे शाफ्ट आम्ही दोन वेगवेगळ्या ग्राहकांना दिले होते. त्यांपैकी एक अजून व्यवस्थित चालू आहे. दुसरा साधारण पाच महिन्यांनी पुलीच्या बाजूच्या बेअरिंगच्या स्टेपवर तुटला, आणि ग्राहकाने त्याचे दोन्ही तुकडे माझ्या टेबलावर आणून ठेवले आहेत.

माहिती अशी आहे. ब्लोअर २२ किलोवॅटचा, वेग मिनिटाला ९६० फेरे. धातू ईएन-८, टेस्ट सर्टिफिकेटप्रमाणे ताणशक्ती ६२० आणि यील्ड ३८० मेगापास्कल. बेअरिंगची सीट ४० मिमी, स्टेप ५० मिमी आणि कोपऱ्याचा रेडियस १ मिमी. पुलीवर पट्ट्याची एकूण ओढ ४,६०० न्यूटन धरली आहे आणि पुलीच्या मध्यापासून बेअरिंगच्या मध्यापर्यंत १५० मिमी अंतर आहे. म्हणजे वाक-आघूर्ण ६९० न्यूटन-मीटर होते आणि ४० मिमी व्यासावर वाकण्याचा ताण सुमारे ११० मेगापास्कल येतो.

यील्डशी तुलना केली तर सुरक्षा जवळजवळ साडेतीनपट आहे. पुस्तकातील नियमाप्रमाणे ताणशक्तीच्या निम्मी, म्हणजे ३१० मेगापास्कल, ही एन्ड्युरन्स लिमिट धरली तरीही माझा ताण तिच्या जवळजवळ एक-तृतीयांश आहे. ताण आणि तुटेपर्यंतची आवर्तने दाखवणाऱ्या एस-एन आलेखात हीच लिमिट आडवी रेषा म्हणून दिसते, आणि तिच्या खाली राहिले की तुकडा कधीच तुटत नाही, असे आम्हाला शिकवले होते. मग हा शाफ्ट कसा तुटला, आणि पुढच्या शाफ्टसाठी किती ताण सुरक्षित धरावा?

विवेक_सयाजीगंज

माझ्या मते दोष धातूचा आहे. बाजारात ईएन-८ म्हणून जे मिळते त्याची खात्री नसते, आणि सर्टिफिकेट बारबरोबर आले म्हणून ते त्याच बारचे असेलच असे नाही. एक तुकडा आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. पुढचे शाफ्ट ईएन-२४ मध्ये करा. त्याची ताणशक्ती हार्डनिंग-टेम्परिंगनंतर सहज १,००० मेगापास्कलपर्यंत जाते, म्हणजे तुमची आडवी रेषा आपोआप ५०० वर जाईल आणि प्रश्नच उरणार नाही.

नवअभियंता_फतेगंज

मी शेवटच्या वर्षाला आहे आणि हा आलेख परीक्षेपुरता काढला आहे, म्हणून मूलभूत प्रश्न विचारतो. दोन्ही अक्ष लॉगरिदमिक का घेतात? साध्या आलेखावर काढला तर काय बिघडते? आणि आडवी रेषा प्रत्यक्ष चाचणीतून येते की ती आपण सोयीसाठी ओढतो?

जुना_कलाभवनी

शंतनू, तुमच्या प्रश्नाकडे येतोच, पण या विद्यार्थ्याच्या प्रश्नातूनच तिथे जाण्याची वाट आहे, म्हणून आधी त्याला उत्तर देतो.

पोलादाच्या नमुन्यांवर चाचणी घेतली तर जास्त ताणावर तुकडा काही हजार आवर्तनांत तुटतो आणि कमी ताणावर काही कोटी आवर्तनांनीही तुटत नाही. साध्या कागदावर दहा लाख आवर्तनांना एक सेंटिमीटर दिला तर एक हजार आवर्तने अक्षापासून मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर पडतील, म्हणजे दिसणारच नाहीत, आणि दहा कोटींसाठी एक मीटर लांब कागद लागेल. लॉग अक्षावर हजार ते दहा हजार आणि एक कोटी ते दहा कोटी यांना सारखीच जागा मिळते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. बास्क्विन यांनी १९१० मध्ये दाखवले की उताराच्या भागात ताण आणि आयुष्य यांचे नाते घातांकाचे असते. असे नाते दोन्ही अक्ष लॉगरिदमिक घेतले की सरळ रेषा होते. सरळ रेषा ओढायला दोनच बिंदू पुरतात. वाकण्याच्या ताणासाठी पोलादात एक हजार आवर्तनांना ताणशक्तीच्या सुमारे नऊ-दशांश आणि दहा लाख आवर्तनांना एन्ड्युरन्स लिमिट, असे दोन बिंदू घेण्याची प्रथा आहे.

या सरळ रेषेची एक बाजू मात्र नीट लक्षात घेतली पाहिजे. ती फारच थोडी कललेली असते. शंतनूंच्या धातूसाठी रेषा काढली तर ताण दहा टक्क्यांनी कमी केल्यास आयुष्य साधारण साडेतीनपट होते आणि तेवढाच वाढवला तर जवळजवळ एक-तृतीयांश होते. म्हणून आयुष्याचा अंदाज दुपटी-तिपटीने चुकणे यात आश्चर्य नाही. एकाच ताणावर, एकाच बारमधून काढलेल्या नमुन्यांची आयुष्येसुद्धा दहापट वेगळी निघू शकतात. कागदावर आपण जी एक बारीक रेषा ओढतो ती त्या विखुरलेल्या बिंदूंच्या मधोमध गेलेली असते, म्हणजे निम्मे तुकडे तिच्या आधीच तुटलेले असतात.

आडवी रेषा चाचणीतूनच येते. ऑगस्ट वोलर यांनी प्रशियाच्या रेल्वेसाठी डब्यांच्या आसांवर वर्षानुवर्षे चाचण्या केल्या आणि १८७० च्या अहवालात त्या मांडल्या. विशिष्ट ताणाखाली लोखंड आणि पोलाद फेरे घेतच राहतात, हे त्यातून दिसले. पण ती रेषा ज्या नमुन्याची आहे तो नमुना लहान, आरशासारखा पॉलिश केलेला, खाच नसलेला आणि कोरड्या हवेत फिरवलेला असतो. शंतनूंचा शाफ्ट यांपैकी काहीच नाही.

शंतनू_मकरपुरा

काका, म्हणजे ३१० हा आकडा माझ्या शाफ्टचा नाहीच, असे आपले म्हणणे आहे. तो माझ्या शाफ्टपर्यंत खाली कसा आणायचा, ते माझ्याच आकड्यांवर दाखवाल का?

जुना_कलाभवनी

दाखवतो. तुमचा शाफ्ट लेथवर टर्निंग करून सोडलेला आहे. टर्निंगच्या बारीक रेघांत तडा लवकर सुरू होतो. या ताणशक्तीच्या पोलादाला त्यासाठी सुमारे ०.८ ने गुणतात, म्हणजे ३१० चे २४८ झाले. व्यास ४० मिमी आहे, तर नमुना साधारण साडेसात मिमीचा असतो. मोठ्या तुकड्यात जास्त धातू जास्त ताणाखाली येतो, म्हणून आपल्याकडे या व्यासांना ०.८५ धरतात. त्यामुळे २११ उरले. आतापर्यंतचा आकडा हा मधल्या रेषेचा आहे, म्हणजे निम्मे शाफ्ट टिकतील आणि निम्मे तुटतील असा. शंभरात नव्व्याण्णव टिकायला हवे असतील तर ०.८१४ ने गुणावे लागते, आणि २११ चे १७२ होतात.

आता कोपरा. व्यास ४०, स्टेप ५० आणि रेडियस १ मिमी असताना कोपऱ्यात ताण सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे २.२ पट होतो. ईएन-८ सारखे मऊ पोलाद खाचेला पूर्ण दाद देत नाही, म्हणून प्रत्यक्षात परिणाम १.९ पटीच्या आसपास येतो. १७२ ला १.९ ने भागा, ९० मेगापास्कल येतात. तुमच्या शाफ्टची आडवी रेषा, नव्व्याण्णव टक्के खात्रीने, या ९० वर आहे. आपला ताण ११० आहे, म्हणजे आपण तिच्या वर होतात.

आणि मधल्या रेषेचे २११ घेऊन त्यांना १.९ ने भागा. १११ येतात. आपला ताण जवळजवळ नेमका त्या मधल्या रेषेवर बसला आहे. एक शाफ्ट तुटला आणि दुसरा चालू आहे, याचा अर्थ मला यातच दिसतो. यात धातू खोटा असण्याची गरज नाही.

विवेक_सयाजीगंज

काका, हिशेब पटला, पण मग माझा मुद्दा अधिकच पक्का होतो. मूळ आकडाच ५०० केला तर ही सगळी कपात सोसूनही भरपूर उरेल.

जुना_कलाभवनी

विवेकराव, तुमचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. ईएन-२४ ने फायदा होतो, पण तो ताणशक्तीच्या प्रमाणात होत नाही, कारण कठीण पोलाद टर्निंगच्या रेघांना आणि खाचेला अधिक संवेदनशील असते. ५०० ला सुमारे ०.७२, ०.८५ आणि ०.८१४ ने गुणले तर २५० च्या जवळ येतात. कोपऱ्याचा परिणाम १.९ ऐवजी जवळजवळ २ होतो आणि शेवटी १२५ ते १२७ उरतात. ताणशक्ती साठ टक्क्यांनी वाढवली आणि आडवी रेषा ९० वरून चाळीस टक्केच वर गेली. ११० च्या ताणावर एवढी वाढ मला समाधानकारक वाटत नाही.

हेच ईएन-८ ठेवून केवळ कोपऱ्याचा रेडियस १ वरून ३ मिमी केला, तर खाचेचा परिणाम १.९ वरून १.६ वर येतो आणि आडवी रेषा १०७ वर जाते. त्यासाठी लागतो तो फक्त वेगळा इन्सर्ट आणि ड्रॉइंगवरचा एक आकडा.

नवअभियंता_फतेगंज

मी आवर्तनांचा हिशेब केला आणि माझा गोंधळ वाढला. ९६० फेरे म्हणजे तासाला ५७,६००. दहा लाख आवर्तने साडेसतरा तासांत होतात. ब्लोअर रोज सोळा तास आणि महिन्याला सव्वीस दिवस चालला असे धरले तर पाच महिन्यांत सुमारे बारा कोटी आवर्तने झाली. आलेखाचा गुडघा, म्हणजे उतार संपून आडवी रेषा सुरू होते ती जागा, दहा लाखांवर आहे. ताण रेषेच्या वर असता तर शाफ्ट पहिल्या दोन-चार दिवसांतच तुटायला हवा होता, आणि रेषेच्या खाली असता तर कधीच तुटायला नको होता. पाच महिने हा आकडा या आलेखात बसतच नाही. माझे कुठे चुकते आहे का?

जुना_कलाभवनी

तुमचा हिशेब बरोबर आहे आणि हा या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न आहे. आलेखाचा गुडघा प्रत्यक्षात इतका टोकदार नसतो. काही पोलादांत तो एक कोटीपर्यंत सरकतो, त्यामुळे दोन-चार दिवसांऐवजी काही आठवडे मी समजू शकतो. बारा कोटी मात्र समजत नाहीत. स्थिर ताणावर फिरणारा वेगवान शाफ्ट महिनोन्‌महिने चालून मग तुटतो, तेव्हा मधल्या काळात काहीतरी बदललेले असते. एक तर ताण वाढलेला असतो, नाही तर आडवी रेषा खाली आलेली असते. शंतनू, पट्टे मध्ये बदलले होते का? आणि तुटलेली जागा कशी दिसते, ते नीट पाहून लिहा.

अनंत_दांडियाबाजार

सर्वांना नमस्कार. माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण विषय तोच आहे असे वाटते. आमच्या फरसाणाच्या कारखान्यात पॅकिंग मशीनला ॲल्युमिनियमचा एक हात आहे आणि तो साधारण वर्षाने तुटतो. मशीन मिनिटाला साठ पाकिटे भरते. वरच्या पद्धतीने ॲल्युमिनियमची आडवी रेषा काढून हात थोडा जाड केला तर तो कायमचा टिकेल, असा अर्थ मी घेतला आहे. तो बरोबर आहे का?

मेधा_मांजलपूर

अनंतकाका, मी धातूंच्या चाचण्यांच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून हे मी सांगते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी आडवी रेषा नसते. त्यांचा आलेख हळूहळू पण उतरतच राहतो. तक्त्यांत जो फटीगचा आकडा दिसतो तो साधारणतः ५० कोटी आवर्तनांचा असतो आणि त्याचा अर्थ एवढाच की तितक्या आवर्तनांना निम्मे नमुने टिकले. तुमचे मशीन दिवसाला दहा तास चालत असेल तर रोज ३६,००० आणि वर्षाला एक कोटीच्या आसपास आवर्तने होतात. म्हणून कायमचा टिकेल असा हात शोधण्यापेक्षा पाच कोटी आवर्तनांचा ताण काढून तो हात पाच वर्षांनी बदलायचा असे ठरवावे. आणि जाडी वाढवण्याआधी तो कुठून तुटतो ते पाहावे. बोल्टच्या भोकापासून तुटत असेल तर जाडीपेक्षा भोकाची कड सारखी करण्याने जास्त फरक पडेल.

शंतनू, काकांनी विचारलेल्या दोन गोष्टींत माझी तिसरी जोडते. तुटलेला शाफ्ट कोणत्या वातावरणात चालत होता?

शंतनू_मकरपुरा

मेधाताई, काका, तुकडे उन्हात धरून भिंगातून पाहिले. तुटलेल्या पृष्ठाचा पाऊण भाग गुळगुळीत आहे आणि त्यावर एकामागून एक कमानीसारख्या रेषा आहेत. कडेकडेला, म्हणजे कोपऱ्याच्या रेडियसवर, परिघाच्या जवळजवळ निम्म्या भागात लहान लहान पायऱ्या दिसतात. खडबडीत, चमकदार भाग पावपेक्षा कमी आहे आणि तो मध्यावर नसून एका बाजूला आहे. गुळगुळीत भागाचा जो कडेकडचा पट्टा आहे त्याचा रंग तपकिरी आहे.

पट्टे शेवटच्या महिन्यात बदलले होते, असे ग्राहक म्हणतो, पण किती ताणले ते कोणी मोजले नाही. हा ब्लोअर नंदेसरीच्या बाजूला उघड्यावर, आम्लाच्या वाफा असलेल्या जागी आहे. जो शाफ्ट अजून चालू आहे तो शेडच्या आत, कोरड्या जागेत आहे. मी हे आधीच लिहायला हवे होते, पण त्याचा संबंध असेल असे वाटले नव्हते.

मेधा_मांजलपूर

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. शेवटी एकदम तुटलेला खडबडीत भाग लहान आहे, म्हणजे उरलेल्या एवढ्याशा धातूनेही भार पेलला होता. एकूण ताण फार नव्हता, याची ती खूण आहे. परिघावरच्या पायऱ्या सांगतात की तडा एका ठिकाणी सुरू न होता रेडियसवर अनेक ठिकाणी सुरू झाला आणि ते तडे नंतर एकमेकांत मिळाले. हे खाच तीव्र असल्याचे लक्षण आहे. कमानी म्हणजे थांबून चालू होताना किंवा भार बदलताना तडा जिथे होता तिथल्या खुणा आहेत. कडेचा तपकिरी पट्टा म्हणजे तड्याचा सर्वांत जुना भाग, तो आधी उघडा पडला आणि गंजला.

आडवी रेषा कोरड्या हवेत मिळते. गंजणाऱ्या वातावरणात साध्या पोलादाचाही आलेख ॲल्युमिनियमसारखा उतरतच राहतो. पृष्ठावर गंजाचे खड्डे पडतात, प्रत्येक खड्डा नवी खाच असतो, आणि तडा उघडला की ओल आत जाते. म्हणून बारा कोटी आवर्तनांनी तुटणे मला अशक्य वाटत नाही. त्या जागी ९० मेगापास्कल हाही सुरक्षित ताण नव्हता.

विवेक_सयाजीगंज

गंजाचा मुद्दा मान्य आहे, पण आणखी एक शक्यता राहून गेली. रासायनिक जागेतील ब्लोअरच्या पंख्यावर भुकटी चिकटते आणि तो असंतुलित होतो. आम्ही असे ब्लोअर पाहिले आहेत जे पायासकट हलतात. त्या असंतुलनाने शाफ्ट दर फेऱ्याला वाकतो, आणि महिन्या-महिन्याने भुकटी वाढते, म्हणून पाच महिनेही समजतात.

जुना_कलाभवनी

विवेकराव, निरीक्षण योग्य आहे, पण कारण पूर्ण बसत नाही. पट्ट्याची ओढ एकाच दिशेला असते आणि शाफ्ट तिच्यात फिरतो, म्हणून शाफ्टवरचा प्रत्येक बिंदू अर्ध्या फेऱ्यात ताणला जातो आणि अर्ध्या फेऱ्यात दाबला जातो. असंतुलनाचे बल मात्र पंख्याबरोबर फिरते, म्हणजे शाफ्टबरोबरच फिरते. शाफ्टची जी बाजू त्या बलाने ताणली जाते ती सतत ताणलेलीच राहते, तिची उलटापालट होत नाही. त्याने बेअरिंग आणि पाया यांचे नुकसान होते. शाफ्टच्या दृष्टीने तो स्थिर ताण आहे. स्थिर ताणही चढउतार सोसण्याची क्षमता थोडी कमी करतो, हे खरे, म्हणून मी ते कारण पूर्णपणे फेटाळत नाही. शिवाय पंखा दुसऱ्या टोकाला आहे आणि शाफ्ट पुलीच्या बाजूला तुटला आहे.

त्यापेक्षा नव्या पट्ट्यांकडे माझे लक्ष जास्त जाते. पट्टे तीस टक्के जास्त ताणले असतील तर ११० चे १४३ होतात. मधल्या रेषेवरही त्या ताणाला सुमारे दीड-पावणेदोन लाख आवर्तनेच मिळतात, म्हणजे आपल्या ब्लोअरला तीन तास. तडा आधीच सुरू झाला होता असे मेधाताई म्हणतात, ते मला पटते. पण शेवट पट्ट्यांनी जवळ आणला की गंज एकट्यानेच काम पुरे करणार होता, हे या तुकड्यांवरून ठामपणे सांगता येईल असे मला वाटत नाही.

मेधा_मांजलपूर

सहमत आहे. तपकिरी पट्टा किती रुंद आहे ते मोजून, आणि रेडियसवर खड्डे आहेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून थोडे अधिक सांगता येईल. बेअरिंगच्या आतल्या रिंगच्या कडेखाली सूक्ष्म घासणीनेही तडा सुरू होतो आणि तिथेही तपकिरी भुकटी मिळते. तिचा रंग गंजासारखाच असल्याने नुसत्या डोळ्याने फसगत होते. तुकडे कृपया पॉलिश पेपरने किंवा वायर ब्रशने साफ करू नका, आणि तुटलेली दोन तोंडे एकमेकांवर बसवूनही पाहू नका.

शंतनू_मकरपुरा

तुकडे तेल लावून प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवले आहेत आणि ताईंकडे पाठवतो. आता मूळ प्रश्नाकडे परत येतो. रेडियस ३ मिमी करण्यात एक अडचण आहे. ४० बोअरच्या बेअरिंगच्या आतल्या कडेचा राऊंड सुमारे १ मिमीच असतो. मी शाफ्टचा रेडियस ३ केला तर बेअरिंग त्या रेडियसवरच अडकेल आणि स्टेपला टेकणारच नाही. म्हणूनच ड्रॉइंगवर १ मिमी होता.

जुना_कलाभवनी

अडचण खरी आहे आणि बहुतेक शाफ्ट याच कारणाने या जागी तुटतात. उपाय दोन आहेत. एक म्हणजे स्टेपच्या तोंडात आत घुसणारी गोल सवलत-खाच घेणे. तिने व्यास कमी न करता मोठा रेडियस मिळतो, पण टर्निंगला ती नाजूक पडते. दुसरा उपाय तुमच्या शॉपला सोपा आहे. बेअरिंग आणि स्टेप यांच्यामध्ये एक स्पेसर रिंग घाला आणि तिच्या स्टेपकडच्या आतल्या कडेला ४ मिमीचा चॅम्फर द्या. रिंग रेडियसवरून सुटून स्टेपला टेकते आणि बेअरिंग रिंगला टेकते. स्टेप ६० मिमी ठेवा, म्हणजे रिंगला टेकायला पुरेशी कड उरेल.

त्याचबरोबर सीट ४५ मिमी करा. तेवढ्याच ६९० न्यूटन-मीटरला ताण ११० वरून ७७ वर येतो, कारण ताण व्यासाच्या घनाने कमी होतो. रेडियस ३ मिमी असताना खाचेचा परिणाम सुमारे १.६५ धरा. १७२ ला १.६५ ने भागले की १०४ येतात. कोरड्या जागेसाठी आपली आडवी रेषा १०४ आणि ताण ७७, म्हणजे १.३५ पट.

विवेक_सयाजीगंज

१.३५ मला फारच कमी वाटते. आधी साडेतीनपट होते आणि तुटला. आता सव्वापटीपेक्षा थोडे जास्त आणि आपण निश्चिंत राहायचे?

जुना_कलाभवनी

आधीचे साडेतीनपट यील्डच्या तुलनेत होते. यील्डचा या तुटण्याशी संबंधच नव्हता, म्हणून ते साडेतीन काही कामाचे नव्हते. याच पद्धतीने जुना शाफ्ट मोजला तर ९० भागिले ११०, म्हणजे ०.८२ येतात. नव्या १.३५ मध्ये पृष्ठ, आकार, खाच आणि विखुरलेपणा आधीच वजा झालेले आहेत. उरते ती भाराची अनिश्चितता. पट्टे तीस टक्के जास्त ताणले तरी ७७ चे १०० होतात आणि १०४ च्या खालीच राहतात. पट्ट्याचा ताण मोजून बसवणार असाल तर १.३५ मला चालेल. अंदाजाने बसवणार असाल तर तुमचे म्हणणे बरोबर आहे आणि मी १.७ च्या आसपास जाईन.

२२ किलोवॅटचा पीळ मी मुद्दाम सोडला आहे. जुन्या व्यासावरही त्याने १७-१८ मेगापास्कलचा कातर-ताण येतो आणि तो स्थिर असतो, म्हणून इथे त्याने निर्णय बदलत नाही. ब्लोअर वारंवार चालू-बंद होत असेल तर तो विचारात घ्यावा लागेल.

मेधा_मांजलपूर

माझा आग्रह एवढाच आहे की हे १०४ नंदेसरीच्या शाफ्टला लावू नये. तिथे आधी शाफ्टला ओल आणि वाफ लागणार नाही अशी व्यवस्था करावी. बेअरिंगच्या बाहेर झाकण व सील, आणि उघड्या भागावर लेप. रेडियसवर लेप देताना तो निघाला तर तिथेच खड्डा पडतो, म्हणून तो भाग सीलच्या आत येईल अशी रचना अधिक चांगली. त्यानंतरही आयुष्य अमर्याद न धरता ठरावीक काळाने बेअरिंग काढून रेडियसवर डाय-पेनिट्रंट चाचणी करावी. तो काळ किती, हे मी आज आकड्यात सांगू शकत नाही. तुमच्या तुकड्यावरचा तपकिरी पट्टा आणि त्यातील कमानी मोजल्यावर कदाचित अंदाज देता येईल.

नवअभियंता_फतेगंज

जो शाफ्ट कोरड्या शेडमध्ये चालू आहे त्याचे काय करावे? त्याने दहा कोटींहून अधिक आवर्तने पार केली आहेत. तो टिकणाऱ्या निम्म्यांत आला, असे मानून चालू ठेवावा का?

जुना_कलाभवनी

आजच्या ताणावर तो टिकणाऱ्यांपैकी आहे, असे म्हणता येते. पण त्याचा ताण त्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ आहे, आणि पुढच्या वेळी कोणी पट्टे जास्त ताणले तर मागची दहा कोटी आवर्तने त्याला वाचवणार नाहीत. मी असतो तर पुढच्या पट्टे-बदलीच्या वेळी तो शाफ्टही बदलला असता.

शंतनू_मकरपुरा

त्या ग्राहकाला आज कळवले आहे. नवीन ड्रॉइंगमध्ये सीट ४५, स्टेप ६०, रेडियस ३ आणि स्पेसर रिंग घेतली आहे. रेडियसवर टर्निंगनंतर पॉलिश आणि पट्ट्याच्या ओढीची कमाल मर्यादा या दोन्ही टिपा ड्रॉइंगवरच लिहितो आहे. ४५ बोअरच्या बेअरिंगसाठी हाउसिंग ८० वरून ८५ मिमी बोअर करावे लागेल. जुन्या हाउसिंगची भिंत तेवढी जाड उरते की नाही, ते उद्या मोजतो. उरत नसेल तर ४० मिमीवरच ईएन-२४, मोठा रेडियस आणि रिंग असा हिशेब पुन्हा करून इथे टाकीन. काका, तो एकदा तपासून द्यावा.